तेराव्या हजारातला शेतकरी



आजचा विषय मक्तेदारीचा आहे, आणि तो मी तुमच्यापुढे कपाशीच्या एका पाकिटातून मांडणार आहे. 450 ग्रॅम सरकीचं पाकीट. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या आपल्या तालुक्यांत कपाशी करणाऱ्या बहुतेक घरांनी ते हाताळलेलं आहे. आत बीटी सरकी असायची, आणि सोबत 120 ग्रॅमची एक छोटी पुडी, साध्या सरकीची. ती शेताच्या कडेने टोबायची, म्हणजे बोंडअळीला बीटीविना वाढलेलं पीकही मिळेल आणि बीटी पचवणारी अळी लवकर तयार होणार नाही. त्या पुडीचं पुढे काय व्हायचं, हे इथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. बांधावर राहायची. असो. मला बोलायचं आहे ते मोठ्या पाकिटावरच्या किमतीबद्दल.

मार्च 2002 मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. तंत्रज्ञान मोन्सँटोचं, आणि ते भारतात आणणारी भागीदार कंपनी महिको, आपल्या शेजारच्या जालन्याची. 2002 ते 2005 या काळात पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या आसपास होती, काही ठिकाणी त्याहून जास्त. साध्या संकरित सरकीचं पाकीट त्याच काळात चारशे-साडेचारशेला मिळायचं. मधला फरक होता तंत्रज्ञानाच्या मोबदल्याचा. बियाणे कंपन्या तो शेतकऱ्याकडून घेऊन तंत्रज्ञानाच्या मालकाकडे भरायच्या. भारतात या पहिल्या बीटी जनुकावर पेटंट नव्हतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मक्तेदारी आली ती सरकारी परवानगीतून. जैवसुरक्षेच्या चाचण्या पार करून परवानगी मिळालेलं बीटी तंत्रज्ञान चार वर्षं एकच होतं. ज्याला बीटी हवं, त्याला दुसरं दार नव्हतं.

आता प्रश्न असा. सोळाशेच का? दोन हजार सातशे का नाही? आणि हजार का नाही?

आपण सहज बोलून जातो की मक्तेदार हवी ती किंमत लावतो. हे खरं नाही. श्रोतेहो, हे अजिबात खरं नाही. मक्तेदार किंमत ठरवू शकतो, पण त्या किमतीला किती पाकिटं खपतील हे तो ठरवू शकत नाही. ते शेतकरी ठरवतात. किंमत धरली की खप सोडावा लागतो, खप धरला की किंमत सोडावी लागते. ही ओढाताण नीट समजली की मक्तेदारीचं सगळं गणित हाती येतं.

आधी मक्तेदार नसलेला विक्रेता पाहू. पारनेरचा एक शेतकरी वीस गोण्या कांदा घेऊन नेप्तीच्या उपबाजारात येतो. आवारात कांद्याच्या हजारो गोण्या. लिलाव पुकारला जातो, भाव निघतो. या शेतकऱ्याने वीसऐवजी एकवीस गोण्या आणल्या असत्या, तर भाव उतरला असता का? नाही. वीसच्या जागी पंधरा आणल्या असत्या, तर चढला असता का? नाही. त्याच्या दृष्टीने भाव ही बाहेरून ठरून आलेली गोष्ट आहे. म्हणून एकविसाव्या गोणीने त्याच्या उत्पन्नात किती भर पडते? एका गोणीच्या भावाइतकी. पूर्ण भावाइतकी. शेवटच्या एका नगाने एकूण उत्पन्नात जी भर पडते, तिला अर्थशास्त्रात सीमांत प्राप्ती म्हणतात. कांदेवाल्यासाठी सीमांत प्राप्ती आणि किंमत एकच.

पाकीटवाल्यासाठी त्या एक नाहीत. का नाहीत, ते पाहण्यासाठी आपण शेतकऱ्यांना एका ओळीत उभं करू.

बीटीचा फायदा कशात आहे? हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या वाचतात आणि बोंडं वाचतात. हा फायदा प्रत्येकाला सारखा नाही. जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असलेल्या शेवगावच्या बागायती रानात एकरी कापूस जास्त, अळीने खाल्लं तर नुकसान जास्त, म्हणून बीटीचं मोलही जास्त. असा शेतकरी पाकिटाला अडीच हजारही मोजेल. पाथर्डीच्या डोंगरकडेच्या हलक्या रानात, पावसाच्या भरवशावर कपाशी करणाऱ्याचा फायदा कमी. तो हजार मोजेल, कदाचित सातशे, कदाचित तेवढेही नाही. जास्तीत जास्त किती मोजायला तयार आहे, या क्रमाने सगळ्यांना उभं केलं की जी उतरती रेघ तयार होते, तोच मागणी वक्र. वक्र म्हटलं की फळ्यावरची आकृती डोळ्यांपुढे येते, पण त्या रेघेवरचा एकेक बिंदू म्हणजे एकेक रान आहे आणि एकेक माणूस आहे.

आता आकडे घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या तालुक्याचे मोजलेले नाहीत. सोपेपणासाठी तंत्रज्ञानाचा मालक आणि बियाणे कंपनी यांना एकच विक्रेता धरतो. समजा दोन हजार आठशे रुपयांना एकही पाकीट खपत नाही, आणि दर शंभर रुपये उतरवले की हजार पाकिटं जास्त खपतात. म्हणजे अठराशेला दहा हजार पाकिटं. सतराशेला अकरा हजार. सोळाशेला बारा हजार. पंधराशेला तेरा हजार.

अठराशेला दहा हजार पाकिटं विकली, एकूण उत्पन्न 180 लाख. सतराशेला अकरा हजार विकली, उत्पन्न 187 लाख. हजार पाकिटं जास्त गेली, प्रत्येक सतराशेला गेलं, म्हणजे सतरा लाख आले. मग उत्पन्न सतरा लाखांनी वाढायला हवं होतं. वाढलं किती? सात लाखांनी. दहा लाख कुठे गेले?

दहा लाख गेले आधीच्या दहा हजार पाकिटांवर. जे शेतकरी अठराशे द्यायला तयार होते, त्यांनाही आता सतराशेलाच पाकीट मिळतं. त्यांच्यापैकी प्रत्येकामागे शंभर रुपये कमी आले. दहा हजार गुणिले शंभर, दहा लाख. सतरा आले, दहा गेले, उरले सात.

पुढचं पाऊल टाकू. सोळाशेला बारा हजार. नव्या हजारांचे सोळा लाख आले, जुन्या अकरा हजारांवर शंभर-शंभर म्हणजे अकरा लाख गेले. उरले पाच. त्यापुढचं पाऊल. पंधराशेला तेरा हजार. पंधरा आले, बारा गेले, उरले तीन. चौदाशेला चौदा हजार. चौदा आले, तेरा गेले, उरला एक. आणि तेराशेला पंधरा हजार? तेरा आले, चौदा गेले. उत्पन्न उलट एका लाखाने घटलं. माल जास्त विकला आणि गल्ला कमी भरला.

मक्तेदाराची सीमांत प्राप्ती मागणी वक्राच्या खाली का असते, याचं उत्तर एवढंच आहे. जास्तीचं पाकीट विकायला किंमत उतरवावी लागते, आणि ती फक्त त्या पाकिटावर उतरत नाही, सगळ्या पाकिटांवर उतरते. नव्या गिऱ्हाइकाकडून जे येतं, त्यातून जुन्या गिऱ्हाइकांना सोडलेली रक्कम वजा होते. सीमांत प्राप्ती म्हणजे किंमत वजा ही सूट. आणि जुनी गिऱ्हाइकं जितकी जास्त, तितकी सूट मोठी. म्हणून आपल्या उदाहरणात दर हजार पाकिटांमागे किंमत शंभराने उतरते, पण सीमांत प्राप्ती दोनशेने उतरते. पाकिटामागे सातशे, पाचशे, तीनशे, शंभर, आणि मग शून्याच्या खाली. मागणीची रेघ सरळ असेल तर सीमांत प्राप्तीची रेघ नेमकी दुप्पट उताराने खाली येते.

इथे कुणी विचारेल, मग जुन्यांना सोळाशेलाच द्यावं आणि फक्त नव्या हजारांना पंधराशेला द्यावं. कंपनीला ते नको आहे का? हवंच आहे. तसं जमलं तर सूट वजा करावी लागणारच नाही, आणि सीमांत प्राप्ती किमतीइतकीच राहील. पण कृषी सेवा केंद्राच्या फळीवर एकच पाकीट आहे, त्यावर एकच किंमत छापलेली आहे. दुकानात आलेला माणूस बागायती की कोरडवाहू, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि पाथर्डीला स्वस्त, शेवगावला महाग असं केलं, तर पाथर्डीची पाकिटं मोटारसायकलवरून शेवगावला पोहोचायला एक दुपार पुरते. गिऱ्हाइकं ओळखता येत नाहीत आणि माल परत विकण्यापासून रोखता येत नाही, म्हणून सगळ्यांना एकच किंमत. त्या एका किमतीतच सगळी अडचण आहे.

एकट्या विक्रेत्याचा हा हिशेब गणिताने पहिल्यांदा मांडला तो कूर्नो या फ्रेंच माणसाने, 1838 साली. त्याचं उदाहरण खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं होतं. झरा एकट्याचा, पाणी काढायला खर्च नाही, तर किंमत किती लावावी? पुढे जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या विदुषीने 1933 सालच्या आपल्या ग्रंथात सीमांत प्राप्तीची रेघ मागणीच्या रेघेखाली काढून दाखवली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. कूर्नोचा झरा आणि बीटीचं जनुक यांत एक साम्य आहे. जनुक एकदा सरकीत बसलं की पुढच्या पाकिटात ते घालायला जवळपास काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो सरकीचा. संकरित सरकी तयार करायची म्हणजे मादी ओळीतल्या फुलाचे पुंकेसर कळी असतानाच हाताने काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचे पराग त्यावर लावायचे, एकेका फुलाला. हे मजुरीचं काम आहे. सरकी, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन धरून आपण पाकिटामागे खर्च चारशे रुपये धरू.

आता कंपनी कुठे थांबेल? अकराव्या हजारापर्यंत आलो तेव्हा पाकिटामागे सातशे रुपये भर पडली, खर्च चारशे. फायदा आहे, पुढे जा. बाराव्या हजाराला पाचशे भर, खर्च चारशे. अजून फायदा आहे. तेराव्या हजाराला तीनशे भर, खर्च चारशे. थांबा. बारा हजार पाकिटं, किंमत सोळाशे. त्या सोळाशेला पोहोचायला कुणाच्या हावरटपणाची गरज लागली नाही. अत्यंत सज्जन माणूस त्या खुर्चीत बसवा, भागधारकांचं भलं करणं एवढंच त्याचं काम ठेवा, तोही बारा हजारांवर थांबेल. आणि दोन हजार सातशे का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. त्या किमतीला हजारच पाकिटं खपली असती, आणि नफा 23 लाखांवर आटोपला असता. सोळाशेला नफा किती? पाकिटामागे बाराशे, पाकिटं बारा हजार, म्हणजे 144 लाख.

श्रोतेहो, आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या माणसाकडे या. तेराव्या हजारातला शेतकरी.

तो पाकिटाला पंधराशे रुपये द्यायला तयार आहे. ते पाकीट करायला चारशे रुपये लागतात. मधे अकराशे रुपयांचा फायदा पडून आहे, त्याच्या आणि कंपनीच्या मधोमध. दोघांनी तो कसाही वाटून घेतला असता तरी दोघांचं भलं होतं. पण व्यवहार होत नाही. त्याला पाकीट मिळत नाही, तो साधी सरकी टोबतो, अळी पडली की फवारणीचा पंप पाठीवर घेतो. त्याच्यामागे चौदावा हजार आहे, त्याला चौदाशेला परवडत होतं. त्यामागे पंधरावा, विसावा, तेविसावा. चोविसाव्या हजारापाशी शेतकऱ्याची तयारी आणि पाकिटाचा खर्च एकाच ठिकाणी येतात, चारशेवर. बारा हजारांपासून चोवीस हजारांपर्यंतची ही सगळी रानं बीटीविना राहिली. त्या न झालेल्या व्यवहारांतला बुडालेला फायदा एकत्र केला तर एक त्रिकोण होतो. एक बाजू बाराशे रुपये, दुसरी बाजू बारा हजार पाकिटं. क्षेत्रफळ 72 लाख रुपये. हीच मक्तेदारीची मृतभार हानी.

इथे एक गल्लत फार होते, आणि ती चांगल्या कार्यकर्त्यांच्या भाषणांतही होते. कंपनीने नफ्यात मिळवलेले 144 लाख हे समाजाचं नुकसान, असं मांडलं जातं. शेतकऱ्याच्या खिशातून ते गेले, ही तक्रार खरी आहे, रास्त आहे, तिच्यासाठी भांडायलाही हवं. पण ते पैसे नाहीसे झाले नाहीत. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. ते 72 लाख मात्र कुणाच्याच खिशात गेले नाहीत. शेतकऱ्याला मिळाले नाहीत, कंपनीला मिळाले नाहीत, सरकारला कर म्हणूनही मिळाले नाहीत. ते निर्माणच झाले नाहीत. पहिली गोष्ट वाटपाची आहे, दुसरी नाशाची आहे. आणि दुसरी कुठल्याही ताळेबंदात सापडत नाही, कारण न झालेल्या विक्रीची पावती फाडली जात नाही.

मग ही हानी आहे हे ओळखायचं कसं? एक खूण आहे. किंमत आणि खर्च यांच्यामधे गिऱ्हाइकं अडकून पडली असली की कुणीतरी वेगळ्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोहोचतोच. 2001 साली, परवानगीच्याही आधी, गुजरातमध्ये बोंडअळीच्या प्रकोपात काही रानं हिरवीगार उभी राहिली. चौकशीत निघालं की 'नवभारत 151' या वाणात तेच बीटी जनुक होतं, विनापरवाना. 2002 नंतरही त्याच्या पुढच्या पिढ्यांची सरकी कमी दरात, बिनबिलाची विकली जात राहिली. त्यात बनावट माल होता, उगवण कमी होती, फसवणूक होती. तरी ती खपत होती. ती घेणारे कोण होते? तेराव्या, पंधराव्या, अठराव्या हजारातले शेतकरी. सोळाशे परवडत नव्हते आणि पाकीट तर हवं होतं, असे.

आता 2006 साली काय झालं ते पाहू, कारण तिथे आपल्या रेघांची परीक्षा झाली. जानेवारी 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे, म्हणजे एमआरटीपी आयोगाकडे, तंत्रज्ञानाचा मोबदला अवाजवी असल्याची तक्रार नेली. मे महिन्यात आयोगाने मोबदला कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला. आंध्रने पाकिटाची कमाल किंमत 750 रुपये ठरवली, आणि इतर कापूस राज्यांनीही तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने तर पुढे 2009 साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदाच केला.

किंमत बांधली की माल कमी येतो, असं आपण शिकलो आहोत. कांद्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. बाजारात ठरलेल्या भावाखाली कांद्याचा भाव बांधला तर शेतकरी कांदा चाळीत ठेवील किंवा पुढच्या वर्षी लावणारच नाही. मग कपाशीच्या पाकिटाचं असं का झालं नाही? किंमत निम्म्याहून खाली आली, आणि कंपन्यांनी पाकिटं कमी काढण्याऐवजी जास्त काढली. का?

याचं उत्तर मघाच्या वजाबाकीत आहे. जास्तीचं पाकीट विकायला कंपनी का कचरत होती? कारण किंमत उतरवावी लागायची आणि जुन्या सगळ्यांना सूट द्यावी लागायची. आता सरकारने सांगितलं की 750 च्या वर जायचंच नाही. मग तेराव्या हजाराला विकताना किती मिळतील? 750. त्यासाठी जुन्यांना किती सोडावे लागतील? काहीच नाही, कारण तेही 750 च देत आहेत. चौदाव्या हजाराला? 750. विसाव्याला? 750. वजा करायची सूटच उरली नाही. सरकारी कमाल किमतीने त्या पट्ट्यात मागणीची उतरती रेघ आडवी केली, आणि रेघ आडवी झाली की सीमांत प्राप्ती तिच्या खाली जात नाही, तिच्यावरच बसते. मक्तेदाराची अवस्था तेवढ्यापुरती नेप्तीच्या कांदेवाल्यासारखी झाली. पाकिटामागे 750 येतात, चारशे जातात, म्हणजे जितकी खपतील तितकी विकण्यात फायदा. आपल्या उदाहरणात ती साडेवीस हजार खपतील.

बुडालेला फायदा किती उरला? किंमत आणि खर्चातलं अंतर बाराशेवरून साडेतीनशेवर आलं, न खपलेली पाकिटं बारा हजारांवरून साडेतीन हजारांवर आली. त्रिकोणाच्या दोन्ही बाजू आखडल्या, म्हणून क्षेत्रफळ 72 लाखांवरून सहा लाखांच्या थोडं वर आलं. अंतर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, पण हानी बाराव्या हिश्श्यावर. धोरण ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं. किमतीतली पहिली कपात सर्वांत जास्त हानी भरून काढते. शेवटच्या पन्नास-शंभर रुपयांसाठी केलेली ओढाताण हानी फारशी कमी करत नाही, फक्त पैसा या खिशातून त्या खिशात हलवते.

प्रत्यक्षात काय झालं? देशात बीटी कपाशीखाली 2005 साली सुमारे 13 लाख हेक्टर होते. 2006 साली सुमारे 38 लाख, 2007 साली सुमारे 62 लाख. आता इथे मला सावध राहिलं पाहिजे. ही सगळी वाढ किमतीमुळे झाली, असं मी म्हणणार नाही. 2002 साली परवानगी असलेली संकरित वाणं तीन होती, 2005 साली वीस, 2006 साली साठाच्या वर. आपल्या जमिनीला जुळणारं वाण नसेल तर स्वस्त पाकीटही कुणी घेत नाही. शेजारच्या शेतातला कापूस पाहून घेणारेही दरवर्षी वाढतच होते. शिवाय 2006 सालीच इतर कंपन्यांच्या बीटी जनुकांनाही परवानगी मिळाली, त्यांत औरंगाबादची नाथ सीड्स होती. म्हणजे मागणीची रेघ स्वतःच उजवीकडे सरकत होती. पण एवढं नक्की म्हणता येतं की किंमत अर्ध्यावर आणल्याने पुरवठा आटला नाही. ज्याला पाकीट करायला सोळाशे लागत असते, त्याने 750 ला विकायला दुकान उघडंच ठेवलं नसतं.

किंमत बांधण्याचे धोकेही आपण पाहिले आहेत. सरकारने सर्व वाणांना एकच किंमत लावली, पण शेतकऱ्याच्या लेखी सर्व वाणं सारखी नसतात. एखाद्या वाणाचं नाव झालं की गाव एकमुखाने तेच मागतं. त्या वाणाची सरकी आदल्या वर्षी हाताने परागीकरण करून झालेली असते, ऐन जूनमध्ये ती वाढवता येत नाही. मग छापील किमतीला पाकीट "संपलं" असतं आणि वरचे पैसे दिले की मागच्या खोलीतून येतं. किंवा लिंकिंग होतं, पाकिटासोबत नको असलेलं खत गळ्यात मारतात. ही लक्षणं दिसली की समजावं, निदान त्या वाणापुरती तरी बांधलेली किंमत बाजाराच्या खाली गेली आहे आणि तुटवडा खराच आहे. मक्तेदाराची किंमत खर्चापर्यंत खाली आणली तर खप वाढतो. खर्चाच्याही खाली नेली तर माल आटतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मधली सीमा म्हणजे खर्च. म्हणून किंमत ठरवणाऱ्या समितीचा पहिला प्रश्न खर्चाचा हवा, मागच्या वर्षीच्या किमतीचा नव्हे.

आता सर्वांत अवघड भाग. मी खर्च चारशे धरला, तो एक पाकीट जास्त काढण्याचा खर्च. त्यात प्रयोगशाळेची वर्षं नाहीत, फसलेले प्रयोग नाहीत, परवानगीसाठीच्या चाचण्या नाहीत. तो खर्च पहिल्या पाकिटाआधीच होऊन गेलेला असतो. पाकीट बरोबर चारशेला विकलं तर हानी शून्य, पण तो खर्चही कधीच भरून निघत नाही. राहुरीच्या आपल्या कृषी विद्यापीठात वाण तयार होतं तेव्हा तो खर्च सरकार, म्हणजे आपण सगळे, करातून उचलतो, आणि बियाणं खर्चाच्या आसपास देता येतं. खाजगी कंपनीच्या मागे तो निधी नाही. तिचा संशोधनाचा खर्च त्या 144 लाखांतूनच निघतो.

आपल्या उदाहरणात 750 च्या किमतीला कंपनीचा नफा 144 लाखांवरून 72 लाखांच्या किंचित खाली आला. पुरेसा की अपुरा? तंत्रज्ञान आणायला किती लागले, आणि किती वर्षं ते विकता येणार, यावर ते ठरतं. प्रत्यक्षात हा मोबदला उतरतच गेला. 2016 साली केंद्राने दुसऱ्या पिढीच्या बीटीसाठी तो पाकिटामागे 49 रुपये ठरवला, आणि 2020 साली शून्य. तोवर गुलाबी बोंडअळी दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही दाद देईनाशी झाली होती. शेतकऱ्याच्या लेखी त्या जनुकाची किंमतच खाली आली होती, तेव्हा मोबदला उतरणं समजू शकतं. पण 2016 सालीच महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या नव्या कपाशीचा परवानगीचा अर्ज मागे घेतला. 2019 साली अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी तीच बेकायदा सरकी उघडपणे टोबली, कारवाईची भीती न बाळगता. मघाची खूण पुन्हा दिसली. पाकीट हवं होतं आणि ते बाजारात नव्हतं.

त्या कपाशीच्या गुणदोषांचा निवाडा मी इथे करत नाही. तणनाशकाचा प्रश्न वेगळा आहे, गंभीर आहे. मी हिशेबाचं बोलतो आहे. एखादं उपयोगी तंत्रज्ञान बाजारात येतच नाही, तेव्हा त्रिकोण केवढा होतो? तेव्हा बाराव्या हजारापासून मोजायचं नसतं, पहिल्या पाकिटापासून मोजायचं असतं. अठ्ठावीसशेपासून चारशेपर्यंतची चोवीसशेची उंची, आणि चोवीस हजार पाकिटं. आपल्या आकड्यांत 288 लाख रुपये, दरवर्षी. मक्तेदार सोळाशेला विकत असताना 72 लाख बुडत होते. किंमत 750 वर आणून त्यातले जवळपास 66 लाख आपण वाचवले. पण त्या बांधलेल्या किमतीमुळे पुढचं तंत्रज्ञान चार-पाच वर्षं जरी उशिरा आलं, तर त्या प्रत्येक वर्षी 288 लाख बुडतात, आणि त्यांत शेवगावचा बागायतदारही असतो, पाथर्डीचा कोरडवाहूही. म्हणून कमाल किंमत किती, या प्रश्नासोबत समितीने आणखी एक आकडा मांडायला हवा: या किमतीला संशोधन करणाऱ्याचा खर्च किती वर्षांत वसूल होतो. आणि त्या वर्षांत तो वसूल होणार नसेल, तर उरलेला भाग राहुरी, नागपूर इथल्या सरकारी संशोधन संस्थांतून सार्वजनिक पैशाने कुणी आणि कसा उचलायचा, हे किंमत जाहीर करण्याच्या आधी ठरलं पाहिजे.